कागदावरचा अर्ज ईमेलमध्ये तसाच चिकटवू नका
(ठाणे स्टेशनजवळच्या आमच्या टायपिंग-झेरॉक्स दुकानातून अर्ज करून नेणाऱ्यांसाठी)

मागे कळव्याची एक मुलगी पतसंस्थेतल्या लिपिक पदाचा अर्ज घेऊन आली. कागदावर तो अगदी नीट होता: वर उजवीकडे पत्ता आणि तारीख, मग 'प्रति, मा. सचिव', विषय, मजकूर, सही, शेवटी 'सोबत'. तिने तोच उचलून ईमेलमध्ये चिकटवला होता आणि उत्तराची वाट बघत होती.

आम्ही तिला तो ईमेल तिच्याच पत्त्यावर पाठवायला लावला. मोबाईलवर इनबॉक्समध्ये विषयाच्या खाली मजकुराची जेमतेम एक ओळ दिसते. तिथे तिचा खोली क्रमांक आणि चाळीचं नाव आलं होतं, तेही इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत! विषय होता नुसता 'अर्ज'. उघडल्यावर तर सगळ्याच मराठीच्या जागी तशीच खिचडी. मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. असा फाँट समोरच्याच्या यंत्रात नसला की हेच होतं. ईमेलसाठी मराठी युनिकोडमध्येच हवं, ते जवळपास कुठल्याही यंत्रात मराठीच दिसतं.

मग तिचा ईमेल असा झाला:

विषय: लिपिक पदासाठी अर्ज – (पूर्ण नाव)

महोदय,
आपल्या सूचना फलकावरील जाहिरातीनुसार लिपिक पदासाठी अर्ज करीत आहे. मी बी.कॉम. असून दोन वर्षांपासून एका घाऊक व्यापाऱ्याकडे टॅलीमध्ये रोजच्या नोंदी आणि जीएसटीची बिले करते. मराठी टायपिंगची ३० शब्द प्रतिमिनिट परीक्षा उत्तीर्ण आहे. निवड झाल्यास महिनाभरात रुजू होऊ शकेन. बायोडेटा सोबत जोडला आहे.
आपली विश्वासू,
(पूर्ण नाव, मोबाईल क्रमांक)

पत्ता आणि तारीख गेली. पत्ता बायोडेटात असतोच, तारीख ईमेलवर आपोआप येते. 'घरची परिस्थिती बेताची असून' हे वाक्यही काढलं. तिला ते काढवत नव्हतं, पण सचिवांना हिशेब कोण लिहील एवढंच ठरवायचं असतं. त्या जागी टॅलीचं काम आलं. मूळ अर्जात त्याचा उल्लेखच नव्हता.

बायोडेटाच्या फाईलचं नाव `final new 2.docx` होतं. डझनभर अर्जांत अशी फाईल कोणाची, हे कळत नाही. नावात स्वतःचं नाव आणि पद घाला, आणि पीडीएफ करा, म्हणजे मांडणी आणि फाँट हलत नाहीत. आधी फाईल जोडा, मग मजकूर लिहा, पाठवायचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका. फाईल न जोडताच ईमेल गेला, असं सांगत आमच्याकडे येणारे कमी नाहीत.

जाहिरातीत 'अर्ज समक्ष द्यावा' असं असेल तर मात्र कागदाचीच रीत पाळा आणि सही शाईने करा. झेरॉक्सवरची सही चालत नाही.

जुन्या फाँटमधला अर्ज आम्ही युनिकोडमध्ये बदलून देतो. बदलताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कधीकधी सरकते, म्हणून पाच मिनिटं बसून स्वतः वाचून घ्या. निदान स्वतःचं आडनाव तरी.