तारीख उलटली, पण नक्की कोणती?

समजा पहिलटकरणीची शेवटची पाळी १ जानेवारीला आली. नऊ महिने आणि सात दिवस धरून फाईलवर बाळंतपणाची तारीख ८ ऑक्टोबर लिहिली जाते. हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा असतो. हिची पाळी ३५ दिवसांची, म्हणजे गर्भधारणा आठवडाभर उशिरा झाली. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून १५ ऑक्टोबर निघते, आणि हीच तारीख खरी मानायची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून मात्र तारीख बदलायची नसते, कारण तेव्हा बाळांच्या वाढीत फार फरक पडलेला असतो.

तारीख उलटली की घरात घालमेल सुरू होते, पण ४१ आठवडे भरेपर्यंत सगळं ठीक असेल तर थांबता येतं. त्यापुढे पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढत जातो. तो एकूण कमीच असला, तरी ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर औषधाने किंवा इतर उपायांनी कळा सुरू करण्याचा, म्हणजे इंडक्शनचा, सल्ला दिला जातो. हिच्यासाठी तो दिवस २२ ऑक्टोबर. पाळीवरून मोजलं असतं तर १५ तारखेलाच घाई झाली असती. रक्तदाब वाढला, बाळाच्या हालचाली कमी झाल्या किंवा पाणी गेलं, तर मात्र एवढं थांबत नाहीत.

२० तारखेला आतून तपासणी होते. गर्भाशयाचं तोंड १ सेंटीमीटर उघडलंय, पण घट्ट आणि मागे वळलेलं आहे. बाळाचं डोकंही वरच आहे. उघडणं, पातळ होणं, मऊपणा, दिशा आणि डोक्याची पातळी यांना गुण देऊन १३ पैकी बिशप स्कोअर काढतात. हिचा ३, म्हणजे तोंड अजून कच्चं आहे. पण बोट आत जातंय, म्हणून स्वीपिंग करता येतं: बोट गोल फिरवून पाण्याची पिशवी गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटी करतात. त्यामुळे तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तोंड मऊ पडू लागतं. हे दुखतं, त्यामुळे आधी विचारूनच करावं. नंतर थोडा रक्तमिश्रित चिकट स्राव आणि पोटात मुरडा येणं ठीक. पाळीसारखं रक्त जाणं किंवा पाणी गळणं ठीक नाही. कळा येतीलच याची खात्री नसते.

२२ला कळा नसतील तर आधी तोंड पिकवायचं. त्यासाठी डायनोप्रोस्टोन या प्रोस्टाग्लँडिनची ०.५ मिलिग्रॅमची जेल आत ठेवतात किंवा फोली नावाच्या नळीचा फुगा आत फुगवतात. आधी सिझेरियन झालेलं असेल तर फुगा बरा, कारण औषधाच्या जोरदार कळांनी जुना टाका उसवू शकतो. तोंड पुरेसं उघडलं की पिशवी फोडतात आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन थेंबाथेंबाने वाढवतात. जेलनंतर ते निदान सहा तासांनीच लावायचं. दोन्हींचा जोर एकत्र झाला की दहा मिनिटांत पाचांहून जास्त कळा येतात, मधली उसंत जाते आणि बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. ठोक्यांच्या आलेखात ते दिसलं की पहिलं काम सलाईन बंद करण्याचं.

पहिलटकरणीला या सगळ्यात दीड-दोन दिवसही जातात. जेल ठेवून बारा तासांत काही झालं नाही, म्हणून ‘इंडक्शन फेल’ म्हणायचं नसतं. पिशवी फोडून, सलाईन चालू ठेवूनही १२ ते १८ तासांत तोंड वेगाने उघडू लागत नसेल, आणि आई-बाळ ठीक असतील, तरच तो शब्द वापरावा.