मीटर म्हणतो ११३, बिल म्हणतं १२६५

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर जानेवारीत एक फोटो फिरत होता, घरगुती गॅसच्या बिलाचा. मागचं वाचन ०४८६२, आताचं ०४९७५, म्हणजे वापर ११३ युनिट. त्याच पानावर चार ओळी खाली पैसे मात्र १२६५ युनिटचे. फोटोवर कुणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘अकरापट लूट! पुढे पाठवा.’ मी पुढे पाठवला नाही, कागद-पेन घेऊन बसलो.

घोळ ‘युनिट’ या शब्दाचा आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात विजेच्या बिलामुळे युनिट म्हणजे किलोवॅट-तास हे पक्कं बसलेलं असतं. ब्रिटनमध्ये गॅसचे पैसेही किलोवॅट-तासावरच लागतात, पण मीटर मोजतो घनमीटर. त्या दोहोंमधला पूल बिलाच्या मागच्या बाजूला बारीक टायपात छापलेला असतो. या बिलावर तो असा होता :

११३ × १.०२२६४ × ३९.४ ÷ ३.६ = १२६५

शेवटचा ३.६ सगळ्यांत सोपा. एक किलोवॅट म्हणजे सेकंदाला एक हजार जूल. तासात ३६०० सेकंद, म्हणून एक किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख जूल, अर्थात ३.६ मेगाजूल. मेगाजूलमधल्या उत्तराला ३.६ ने भागलं की किलोवॅट-तास मिळतात. एवढंच.

खरी गंमत १.०२२६४ मध्ये आहे. दशांश चिन्हानंतर पाच आकडे असलेला हा गुणक बघून मला पहिल्यांदा संशयच आला होता. दुकानदार तागडीवर अंगठा ठेवतो तसला प्रकार तर नाही? तसा तो नाही. पण त्यासाठी मीटर नेमकं काय करतो ते बघायला हवं.

जुन्या धाटणीच्या घरगुती मीटरमध्ये लवचीक पडद्यांचे कप्पे असतात. एक कप्पा गॅसने भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, भात्यासारखा. कप्पा किती वेळा भरला-रिकामा झाला ते दातेरी चाकं मोजतात. म्हणजे मीटर गॅस मोजतच नाही, गॅसने व्यापलेली जागा मोजतो. आणि वायूचा स्वभाव असा, की तापवला की पसरतो, दाबला की आक्रसतो. थंड गॅसने भरलेल्या कप्प्यात जास्त रेणू मावतात, गरम गॅसने भरलेल्या त्याच कप्प्यात कमी. जळतात ते रेणू, जागा नव्हे. म्हणून सगळ्यांचा हिशेब एका ठरावीक तापमानाला आणि दाबाला आणावा लागतो : १५ अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ मिलिबार, म्हणजे समुद्रसपाटीवरचा प्रमाण हवेचा दाब.

आता प्रत्येक घराच्या मीटरला तापमापक आणि दाबमापक लावणं परवडणारं नाही. म्हणून १९९६ च्या ब्रिटिश नियमांनी घरगुती ग्राहकासाठी एक सरासरी घर गृहीत धरलं. त्या घरात मीटरमधल्या गॅसचं तापमान १२.२ अंश असतं. घर समुद्रसपाटीपासून सत्तरएक मीटर उंचीवर असतं, त्यामुळे तिथे हवेचा दाब थोडा कमी, साधारण १००५ मिलिबार. नळीतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा २१ मिलिबार जास्त दाबाने येतो. एकूण झाले १०२६.

दाबाचा भाग : १०२६ भागिले १०१३.२५ म्हणजे १.०१२६. तापमानाचा भाग : इथे सेल्सिअस चालत नाही, केल्विन लागतात, म्हणजे प्रत्येक तापमानात २७३.१५ मिळवायचे. २८८.१५ भागिले २८५.३५ म्हणजे १.००९८. दोघांचा गुणाकार १.०२२५. छापील आकड्याशी उरलेला किंचित फरक मी दाब पूर्णांकात घेतल्याचा. अकरावीतला वायूचा नियम वापरून बिलावरचा गूढ आकडा असा हाती लागला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. तिला विशेष काही वाटलं नाही.

पण हे सरासरी घर आहे, तुमचं नव्हे. डर्बीशरमधलं बक्स्टन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब ९७८ मिलिबारच्या आसपास. तेच गणित केलं तर गुणक येतो ०.९९५. बिलावर मात्र १.०२२६४ च. म्हणजे बक्स्टनकर पावणेतीन टक्के न मिळालेल्या उष्णतेचे पैसे भरतो. उलट ज्याचा मीटर घराबाहेरच्या पेटीत आहे आणि जानेवारीत गॅस दोन अंशांवर आलाय, त्याचा खरा गुणक १.०६ च्या वर जातो. त्याला भर थंडीत, नेमका जास्त गॅस लागतो तेव्हा, जवळपास चार टक्के गॅस फुकट. आणि हाच गुणक कुणी पुण्यातल्या मीटरला लावला तर? उंची ५६० मीटर, हवेचा दाब ९४८, स्वयंपाकघरात २७ अंश. उत्तर येतं ०.९२ च्या आत. मीटरवरचे शंभर घनमीटर म्हणजे प्रमाण स्थितीतले ब्याण्णवसुद्धा नाहीत. तेव्हा इंग्लंडचं सूत्र इंग्लंडच्या हवेपुरतं.

रेणू किती ते कळलं. पण कुठले? ३९.४ हा आकडा त्याचं उत्तर देतो. हे उष्मांक मूल्य : एक प्रमाण घनमीटर गॅस पूर्ण जळल्यावर किती मेगाजूल उष्णता मिळते. तापमान आणि दाब सारखा असेल तर कुठल्याही वायूच्या एका घनमीटरमध्ये रेणूंची संख्या जवळजवळ सारखीच असते, हा ॲव्होगॅड्रोचा नियम शाळेतला. मग फरक पडतो तो एकेका रेणूच्या अंगात किती जळण आहे याचा. मिथेनच्या रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन, शुद्ध मिथेनचं मूल्य ३७.७. इथेनमध्ये दोन कार्बन आणि सहा हायड्रोजन, मूल्य ६६. प्रोपेनमध्ये तीन आणि आठ, जवळजवळ ९४. नळीने येणारा गॅस बहुतांशी मिथेन, त्यात थोडा इथेन, चिमूटभर प्रोपेन, आणि अजिबात न जळणारे नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड. उत्तर समुद्रातल्या गॅसचं मिश्रण वेगळं, जहाजाने आलेल्या द्रवरूप गॅसचं वेगळं. त्यामुळे आकडा रोज थोडा हलतो. जाळ्यात गॅस शिरतो तिथे यंत्रं त्याचे घटक वेगळे करून मोजतात, त्यावरून त्या-त्या विभागाचं दिवसाचं मूल्य निघतं आणि बिलावर तुमच्या काळातली सरासरी येते. ती ३७.५ ते ४३ यांच्या बाहेर सहसा जात नाही.

(गॅसच्या नळीला चुंबक बांधून ‘रेणू रांगेत आणणारे’ लोक दोन्ही देशांत आहेत. मिथेनला चुंबकाचं सोयरसुतक नाही. आणि रेणू रांगेत आले तरी त्यांच्यातला कार्बन वाढत नाही.)

इथे एक मजेदार नियम आहे. एका विभागात दोन ठिकाणांहून गॅस येत असेल, एक कसदार आणि एक पातळ, तर सरासरी लावल्याने पातळ गॅस मिळणाऱ्यावर अन्याय होतो. म्हणून बिलातलं मूल्य त्या विभागातल्या सर्वांत हलक्या गॅसपेक्षा १ मेगाजूलहून जास्त धरता येत नाही. आता २०१० मध्ये डिडकॉटला मैलापाण्यापासून केलेला जैविक मिथेन पहिल्यांदा ब्रिटनच्या जाळ्यात सोडला गेला. असा गॅस म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथेन, मूल्य समजा ३७. त्याची एक छोटी धार जाळ्यात मिसळली की ३९.४ च्या विभागाचं बिल थेट ३८ वर उतरतं आणि बाकीच्या कसदार गॅसचे पैसे बुडतात. उपाय काय, तर त्या हिरव्या गॅसमध्ये प्रोपेन मिसळायचा. ३७ चे ३९.३ करायला शंभर भागांत चार भाग प्रोपेन पुरतो. शेणामैलापासून मिळवलेला गॅस बिलाच्या हिशेबात बसावा म्हणून त्यात खनिज तेलाच्या धंद्यातला प्रोपेन घालायचा, हे मला कितीही वेळा वाचलं तरी पचत नाही.

आणखी एक. ३९.४ हे ढोबळ मूल्य आहे, म्हणजे जळताना तयार झालेली वाफ पुन्हा पाणी होताना जी उष्णता सोडते तीसुद्धा त्यात धरलेली. थंड पातेलं शेगडीवर ठेवलं की पहिलं मिनिटभर बुडाला घाम येतो, तीच ही वाफ. पातेलं तापलं की घाम थांबतो आणि जवळजवळ दहा टक्के उष्णता वाफेबरोबर खिडकीबाहेर जाते. पैसे तिचेही भरलेले असतात.

परत त्या फोटोकडे. १२६५ भागिले ११३ म्हणजे ११.२. बिल बरोबर आहे. हाच भागाकार मी गटावर टाकला आणि लिहिलं, की ज्याचा मीटर घनमीटरचा आहे आणि उत्तर ११ च्या आसपास येईल त्याने निवांत झोपावं. जुने मीटर शंभर-शंभर घनफुटांत मोजतात. त्यांच्या बिलात आधी २.८३ ने गुणून घनमीटर काढतात, म्हणून तिथे उत्तर ३१-३२ आलं तरी ठीक. मात्र मीटर घनमीटरचा असून ३१ येत असेल, तर कंपनीच्या नोंदीत तो अजून जुना घनफुटांचाच आहे. उलट जुन्या मीटरला ११ येत असेल तर आज स्वस्त वाटेल, पण थकबाकी मागे लागू शकते.

रात्री अकराला गटातल्या एका काकूंचा निरोप आला. त्यांचं उत्तर ३१.७. मी त्यांना मीटरचा फोटो मागितला. टॉर्चच्या उजेडात काढलेला, जरा हललेला. दशांश चिन्हाआधी पाच आकडे, आणि कडेला बारीक अक्षरांत m³.