मार्चला गेलेला माल जूनला परत येतो तेव्हा

कुपवाड एमआयडीसीतली एक कंपनी धरा, द्राक्षाची फवारणीची औषधं बनवते, तासगाव-विट्याच्या दुकानदारांना माल देते. आकडे माझ्या मनचे, सोयीचे. वर्षाची विक्री १२ कोटी. आता ३१ मार्चला वर्ष संपतं पण न खपलेला माल परत यायचा काय थांबत नाही, म्हणून तो किती येईल याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम त्याच वर्षाच्या विक्रीतून वजा करायची, ती ही प्रोव्हिजन.

कंपनीचा हिशोब सरळ होता. मागच्या तीन वर्षांत सरासरी ४ टक्के माल परत आला, बहुतेक माल दोन महिन्यांत येतो, फेब्रुवारी-मार्चची विक्री ३ कोटी, म्हणजे १२ लाख. झालं.

पण ऑडिटरने जुन्या क्रेडिट नोटा, म्हणजे दुकानदाराच्या बिलातून रक्कम वजा केल्याचे कागद, काढल्या आणि प्रत्येक नोट तिच्या मूळ बिलाच्या महिन्याला लावली (हे काम कंटाळवाणं आहे, पण खरी मेख इथंच असते). तर इतर महिन्यांच्या १० कोटींतले ३ टक्के परत आलेले आणि एकट्या मार्चच्या २ कोटींतले ९ टक्के! दोन्ही मिळून ४८ लाख, म्हणजे सरासरी ४ टक्केच, खोटं काहीच नाही. फक्त मार्चएंडला टार्गेटसाठी दुकानदाराच्या गळ्यात घातलेला माल त्या सरासरीत लपून गेलेला. मग मार्चचे १८ लाख, फेब्रुवारीचे ३ लाखांतले अजून यायचे २ लाख, मिळून २० लाख हवेत.

हा झाला अंदाज, तो ताडून बघायला ३० जूनपर्यंतच्या नोटा आहेतच. एकूण २३ लाखांच्या निघाल्या, पण त्यात ६ लाख नुसते भावातल्या फरकाचे आणि स्कीमच्या सवलतीचे, माल परत न येता दिलेले, ३ लाख एप्रिलपासूनच्या नव्या बिलांचे, ते वगळले की जुन्या वर्षाचे उरतात १४ लाख. आधीच्या वर्षांत जूनअखेर साधारण ७० टक्के माल आलेला असायचा, म्हणजे १४ भागिले ०.७, परत २० लाखच. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की जरा विश्वास बसतो.

मॅनेजर म्हणणार, साहेब माल परत आला तर स्टॉकला धरू की. धरा, पण जो पुन्हा विकता येईल तोच. एक्सपायरी झालेल्या डब्यांची किंमत शून्य, वर विल्हेवाटीचा खर्च.

आणि यंदा दुकानदारांना "नाही खपलं तर सगळं परत घेतो" असं पत्र गेलं असेल तर मागचे ९ टक्के कुचकामी, म्हणून सेल्सवाल्यांचे मेल बघायचे. गेटचं आवक रजिस्टरही बघायचं, कारण माल मे महिन्यात आत येतो आणि नोट मुद्दाम ऑगस्टला, ऑडिट उरकल्यावर निघते. असा मार्चच्या बिलांचा ४ लाखांचा माल गोडाऊनला पडलेला सापडला तर १४ चे १८ होतात, १८ भागिले ०.७ म्हणजे जवळपास २६ लाख, आणि मग २० लाखही पुरत नाहीत.