चॅटबॉटकडून यादी नीट करून घ्यायची, पण यादी त्याला लिहू द्यायची नाही

माझ्याकडे नाव-पत्त्यांची एक यादी होती, वेगवेगळ्या लोकांनी टाइप केलेली, मी ती अख्खी चॅटबॉटमध्ये पेस्ट केली आणि सांगितलं की स्पेलिंग सारखी करून दे. यादी परत आली एकदम चकाचक. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्यात तीन कुळकर्णी होते, ते सगळे कुलकर्णी झालेत. ती चूक नव्हतीच, ते लोक आपलं आडनाव तसंच लिहितात! आणि आता मूळ कोण कुठलं ते यादीवरून सांगताही येईना, कारण मी जुनी फाइल ओव्हरराइट केली होती.

असं का होतं? चॅटबॉट यादी कॉपी करत नाही, तो ती वाचून पहिल्यापासून पुन्हा लिहितो, एकेक तुकडा, आणि प्रत्येक वेळी पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे ते बघून. त्यामुळे दुर्मिळ शब्द नेहमीच्या शब्दाकडे ओढला जातो. शिंत्रे आहे तिथे शिंदे येऊ शकतं, घर नंबर 112 चा 12 होऊ शकतो, आणि यादी लांब असली तर मधल्या दोनचार ओळी गायबही होतात. वाईट म्हणजे चुकलेली ओळसुद्धा बरोबर ओळीइतकीच सुबक दिसते, त्यामुळे नुसतं वाचून ती सापडत नाही.

म्हणून आता मी त्याला यादी देतच नाही, फक्त बदलांची जोडयादी मागतो: डावीकडे जसं टाइप झालंय तसं, उजवीकडे जसं हवं तसं. बदल लावायचं काम स्प्रेडशीट करतं, आणि ते स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही.

समजा B कॉलममध्ये वस्तीचं नाव आहे आणि 1,200 ओळी आहेत. आधी `TRIM` ने पुढच्यामागच्या स्पेस काढायच्या, कारण "शांतीनगर" आणि त्याच्यामागे एक स्पेस हे कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द वाटतात. मग `UNIQUE` ने प्रत्येक लिखाण एकदाच घ्यायचं, 1,200 ओळींतून समजा 90 शब्द उरतील. तेवढेच चॅटबॉटला द्यायचे. नाव, फोन, घर नंबर यातलं काहीच जात नाही, म्हणजे ते बिघडायचा प्रश्न नाही आणि लोकांची खाजगी माहितीही बाहेर जात नाही.

माझ्या सूचना साध्या असतात. उजवीकडे फक्त याच 90 मधला शब्द वापर, नवीन बनवू नकोस, आणि खात्री नसेल तर तोच शब्द परत लिहून पुढच्या वेगळ्या कॉलममध्ये "शंका" असं लिही. मग शांतिनगर, शान्तीनगर, शांती नगर हे सगळे शांतीनगरला जोडले जातात, पण शांतीवन कुठे जोडलंय का हे मात्र डोळ्यांनी बघायचं, कारण अक्षरं जवळची असली म्हणजे जागा एकच असते असं नाही. 90 जोड्या वाचायला दहापंधरा मिनिटं लागतात, 1,200 ओळी कोण वाचणार?

जोडयादी map नावाच्या शीटमध्ये ठेवायची आणि नव्या C कॉलममध्ये हे लावायचं:

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(B2),map!A:B,2,FALSE),B2)
```

शेवटचं FALSE विसरू नका, नाहीतर ते जवळपासचा शब्द शोधतं आणि भलतंच काहीतरी आणतं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की चॅटबॉटने डावीकडचाच शब्द "सुधारून" दिला तर जोडी जुळत नाही आणि ती ओळ जशीच्या तशी राहते. म्हणजे चूक झालीच तरी खरी नोंद वाचते.

मग `=EXACT(B2,C2)` टाकून FALSE आलेल्या ओळी फिल्टर केल्या की नेमकं काय बदललं ते समोर येतं. B कॉलम कधीच पुसायचा नाही.

दोन ठिकाणी ही पद्धत अपुरी पडते. एकाच नावाच्या दोन वस्त्या असतील तर नुसत्या शब्दावरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, तिथे पिनकोड शेजारी ठेवूनच ठरवावं लागतं. आणि माणसांची नावं. वस्तीचं एक ठरलेलं लिखाण असू शकतं, माणसाच्या नावाचं बरोबर लिखाण म्हणजे तो स्वतः लिहितो ते. स्मिता आणि सुस्मिता, कुळकर्णी आणि कुलकर्णी, यात चॅटबॉटला काय किंवा मला काय, ठरवायचा अधिकारच नाही. त्या कॉलमसाठी मी फक्त "सारख्या दिसणाऱ्या जोड्या दाखव" एवढंच मागतो, आणि बदल करायचा तो त्या माणसाला विचारून, तोपर्यंत नोंद आहे तशी.