कायिक पेशी केंद्रक रोपण

शरीरातल्या एखाद्या तयार, कामाला लागलेल्या पेशीचं केंद्रक घ्यायचं, ते स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या अंडपेशीत घालायचं आणि त्या अंडपेशीला गर्भ बनवायला लावायचं, अशी ही पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून एससीएनटी म्हणतात, बोलताना नुसतं क्लोनिंग. डॉली मेंढीमुळे ती घरोघरी पोचली, पण हुबेहूब प्राणी बनवायचे म्हणून ती सुरूच झाली नव्हती. मूळ प्रश्न वेगळा होता. एका फलित अंडापासून आतडं, कातडी, मज्जापेशी सगळं बनतं, मग आतड्याच्या पेशीत डोळा बनवायची जनुकं उरतात का, की नको म्हणून गळून जातात?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमानचं मत असं होतं की विभाजन होत जाईल तसा वारसाही वाटला जातो, शेवटी प्रत्येक पेशीकडे फक्त तिच्या कामापुरता हिस्सा राहतो. आज हे चूक ठरलंय पण तेव्हा ते हवेतलं नव्हतं, कारण साधारण त्याच सुमारास थिओडोर बोव्हेरीला घोड्याच्या आतड्यातल्या एका जंतात शरीराच्या पेशी गुणसूत्रांचा काही भाग खरोखरच टाकून देताना दिसल्या होत्या. विरुद्ध बाजूचा पहिला चांगला पुरावा हान्स श्पेमानचा. त्याने न्यूट या प्राण्याचं अंड बाळाच्या केसाने मधोमध आवळलं, केंद्रक एकाच बाजूला राहिलं, त्या बाजूचं विभाजन होऊ दिलं आणि काही विभाजनांनंतर एक केंद्रक पलीकडच्या रिकाम्या भागात सरकू दिलं, तर तिथेही पूर्ण गर्भ तयार झाला. हा प्रयोग काही ठिकाणी १९१४ चा म्हणून येतो तर काही ठिकाणी १९२८ चा, दोन्ही वर्षी त्याचे लेख आहेत म्हणून हा घोळ. आणखी वाढलेल्या पेशीचं केंद्रक घेऊन हेच करून बघावं हे त्याने १९३८ मध्ये लिहिलं, पण केंद्रक बाहेर काढून दुसऱ्या अंड्यात सोडायचं कसं हे तेव्हा कोणालाच जमत नव्हतं.

ते जमवलं फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी, १९५२ मध्ये, राना पिपियन्स या बेडकात. अगदी कोवळ्या गर्भाची केंद्रकं घेतली की टॅडपोल मिळायचे, पण दाता गर्भ जसजसा वाढलेला घ्यावा तसतसं यश झपाट्याने खाली यायचं. त्यांनी यावरून असा अर्थ काढला की पेशी विशेषित होताना, म्हणजे एका ठराविक कामाला लागताना, केंद्रकातच काहीतरी कायमचं बदलतं.

इथे जॉन गर्डन येतो. ऑक्सफर्डला, मिखाइल फिशबर्गच्या प्रयोगशाळेत, आणि बेडूक वेगळा, आफ्रिकेतला झेनोपस. दाता पेशी होती खायला लागलेल्या टॅडपोलच्या आतड्याच्या आतल्या अस्तराची. अंड्यातलं स्वतःचं केंद्रक तो अतिनील किरणांनी निकामी करायचा. मग पेशीपेक्षा किंचित अरुंद तोंडाच्या काचेच्या नळीत आतड्याची पेशी ओढायची, तोंड अरुंद असल्याने पेशीचं बाहेरचं आवरण फुटतं पण केंद्रक शाबूत राहतं, आणि ते सगळं अंड्यात सोडायचं. १९६२ च्या लेखात ७२६ रोपणांमधून १० टॅडपोल खाण्याच्या अवस्थेपर्यंत पोचल्याचा आकडा आहे, म्हणजे साधारण दीड टक्का. १९६६ पर्यंत आतड्याच्या केंद्रकांपासून पिल्लं देणारे प्रौढ बेडूकही झाले.

आता कोणीही विचारेल की अंड्याचं केंद्रक किरणांनी मेलंच नसेल तर? मग तो टॅडपोल क्लोन नाहीच. याची सोय आधीच करून ठेवलेली होती, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच आहे. त्याच प्रयोगशाळेत झेनोपसची एक उत्परिवर्तित जात सापडली होती. नेहमीच्या बेडकाच्या केंद्रकात न्यूक्लिओलस नावाचे दोन गडद ठिपके दिसू शकतात, हिच्यात एकच. दाता या एकवाल्या जातीचा घ्यायचा, अंडं दोनवाल्या जातीचं. तयार झालेल्या टॅडपोलच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, सगळीकडे एकच न्यूक्लिओलस दिसला की केंद्रक दात्याचंच.

तरीही वाद मिटला नाही. पहिला आक्षेप असा की यश दीड टक्काच आहे, तर ते १० टॅडपोल आतड्यात चुकून राहिलेल्या दुसऱ्याच कुठल्या पेशींपासून आले असतील, आणि टॅडपोलमध्ये पुढे अंडी-शुक्राणू बनवणाऱ्या आदिपेशी वाढीच्या काळात आतड्याच्या भागातूनच प्रवास करतात, त्यामुळे ही शंका फालतू नव्हती. दुसरा मुद्दा अपयशाचा. बाकीचे सातशे का मेले? ब्रिग्ज-किंग यांच्या बाजूने बघितलं तर केंद्रक बदललं म्हणून. पण एक साधं कारण आहे. झेनोपसचं अंड रोपणानंतर साधारण दीड तासात पहिलं विभाजन करतं, आणि आतड्याच्या पेशीच्या केंद्रकाला इतक्या घाईची सवय नसते, त्याला तेवढ्या वेळात सगळा डीएनए दुप्पट करायचा असतो. तो अर्धवट राहिला की विभाजनात गुणसूत्रं तुटतात, आणि मेलेल्या गर्भांमध्ये मोडकी गुणसूत्रं भरपूर सापडली आहेत. म्हणजे अपयशावरून जनुकं गेली असं म्हणता येत नाही, यश मात्र एक जरी मिळालं तरी मोजावं लागतं. गर्डनचा अर्थ जास्त पटतो तो यामुळे. राना आणि झेनोपस या दोन बेडकांमधला फरक हेही मतभेदाचं एक कारण असणार.

बेडकांचं काम एका जागी मात्र अडलं. १९७५ मध्ये प्रौढ बेडकाच्या पायाच्या पडद्यातल्या, केराटिन बनवणाऱ्या कातडीच्या पेशी वापरल्या. हृदय, डोळे असलेले टॅडपोल झाले, पण प्रौढ बेडूक एकही नाही. टॅडपोलच्या पेशीपासून प्रौढ बेडूक होतो, प्रौढाच्या पेशीपासून टॅडपोल होतो, पण प्रौढापासून प्रौढ, ही कडी जुळली नाही. सस्तन प्राण्यांत तर १९८४ मध्ये उंदरांवर काम करणाऱ्या मॅकग्रा आणि सॉल्टर यांनी साध्या केंद्रक रोपणाने क्लोन करणं जीवशास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे असंच लिहून टाकलं.

डॉली ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडच्या रॉझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मली, जाहीर झाली फेब्रुवारी १९९७ मध्ये. दाता सहा वर्षांची, गाभण असलेली फिन डॉर्सेट मेंढी, पेशी तिच्या कासेतली. तिथल्या गटातल्या कीथ कॅम्पबेलचा भर पेशीचक्रावर होता. पेशींना वाढवायच्या द्रावणातलं सीरम १० टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणून पाच दिवस उपाशी ठेवलं की त्या विभाजन थांबवून शांत बसतात, आणि अशा पेशीचं केंद्रक अंडपेशीच्या वेळापत्रकाशी जुळतं, म्हणजे बेडकातली जी घाईची अडचण वर सांगितली तिच्यावरच हा तोडगा. विजेच्या झटक्याने पेशी आणि रिकामी अंडपेशी एकत्र करायची. अशा २७७ जोड्या झाल्या, २९ गर्भ १३ मेंढ्यांत सोडले, कोकरू एक. अंडपेशी आणि सरोगेट दोन्ही काळ्या तोंडाच्या स्कॉटिश जातीच्या, कोकरू पांढऱ्या तोंडाचं, त्यामुळे जन्मताच अर्धा निकाल लागला. केंद्रकाबाहेरच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मात्र तिच्यात अंडपेशीवाल्या मेंढीचा निघाला, तेव्हा शंभर टक्के प्रत म्हणणं बरोबर नाही.

आक्षेप परत तोच! १९९८ च्या सुरुवातीला स्गारामेला आणि झिंडर यांनी विचारलं की दाता गाभण होती, गाभणपणात पिल्लाच्या पेशी आईच्या रक्तात फिरतात, मग डॉली अशाच एखाद्या पेशीची नाही कशावरून. मूळ मेंढी तोवर मेलेली होती पण तिचे गोठवलेले ऊतक होते, त्यांच्याशी डॉलीचा डीएनए जुळवून बघितला आणि तो जुळला. पिल्लाची पेशी असती तर निम्मा डीएनए बापाचा दिसला असता, तो मुद्दा संपला. कासेतली पेशी खरोखर पूर्ण विशेषित होती का हा मात्र तसाच राहिला. डॉलीच्या मूळ लेखातच म्हटलं होतं की कासेत थोड्या अविशेषित मूळ पेशी, म्हणजे अजून काम न ठरलेल्या पेशी, असण्याची शक्यता नाकारता येत नाही. डॉलीचा उल्लेख या प्रश्नाचं अंतिम उत्तर म्हणून सर्रास होतो, तो जरा सैल आहे.

पक्कं उत्तर २००२ मध्ये कोनराड होखेडलिंगर आणि रुडॉल्फ येनिश यांनी दिलं, तेही उंदरात. त्यांनी पेशीच अशी निवडली जिच्या डीएनएवर कामाची खूण कोरलेली असते. बी आणि टी लिंफोसाइट या रोगप्रतिकारक पेशी तयार होताना प्रतिपिंडाची किंवा ग्राहीची जनुकं कापून नव्याने जोडतात, मधले तुकडे कायमचे जातात, आणि प्रत्येक पेशीची जोडणी वेगळी असते. अशा पेशीपासून उंदीर झाला तर त्याच्या यकृतात, कातडीत, सगळीकडे तीच जोडणी सापडायला हवी. तशी सापडली. आता मूळ पेशी चुकून आली असेल असं म्हणायला जागाच उरली नाही. आणि गंमत म्हणजे त्याच प्रयोगात वाइसमानचीही थोडी बाजू दिसते, कारण गेलेले तुकडे त्या उंदराला परत मिळाले नाहीत, लिंफोसाइट हा नियमाला अपवाद आहेच. एक मर्यादा सांगायला हवी. हे उंदीर थेट झाले नाहीत, आधी रोपणातून गर्भीय मूळ पेशी बनवल्या, मग त्या दुसऱ्या एका गर्भात घातल्या ज्याने वार पुरवली. त्यामुळे शरीराचे सगळे भाग बनवायची क्षमता सिद्ध झाली, वारेसकट सगळंच एकट्याने बनवायची नाही.

जनुकं सगळी असतात हे ठरल्यावर प्रश्न उलटा झाला, मग इतकी रोपणं फसतात का? केंद्रक आपलं जुनं काम पूर्ण विसरत नाही. गर्डन आणि रे किट एनजी यांनी २००८ मध्ये दाखवलं की स्नायू होऊ घातलेल्या पेशीचं केंद्रक वापरलं तर बऱ्याच क्लोन गर्भांत स्नायूचं मायोडी हे जनुक नको त्या भागातही चालू राहतं, मध्ये कितीतरी विभाजनं होऊन गेली तरी. ही आठवण डीएनएच्या अक्षरांत नसते, डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्या एच३.३ या प्रकाराशी ती जोडलेली आहे. बंद ठेवलेल्या जनुकांची अडचण दुसरी, तिथे एच३ हिस्टोनच्या ९ क्रमांकाच्या लायसिनवर तीन मिथाइल गट बसलेले असतात आणि अंडपेशीला ते नीट काढता येत नाहीत. यी झांग यांच्या गटाने २०१४ मध्ये ते काढणारं केडीएम४डी हे विकर उंदराच्या रोपित अंडपेशीत बनवायला लावलं तर यश बरंच वाढलं. शांघायमध्ये माकडांत हाच उपाय आणखी एका औषधाच्या जोडीने वापरला, आणि २०१७ च्या शेवटी झोंग झोंग आणि हुआ हुआ जन्मल्या. त्या गर्भाच्या पेशींपासूनच्या आहेत. प्रौढ माकडाच्या पेशींपासूनही दोन पिल्लं जिवंत जन्मली होती, ती लवकरच गेली.

भारतात हे काम मुख्यतः कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत झालं, म्हशींवर. तिथली पद्धत हाताने ब्लेडने अंडपेशी कापून केंद्रकाचा भाग वेगळा करायची, महागडं यंत्र लागत नाही. २००९ मधली पहिली रेडी समरूपा काही दिवसांतच गेली. २०१० मधल्या गरिमा-२ ला २०१३ मध्ये महिमा ही रेडी झाली, बातम्यांत तीच जास्त आली, पण गरिमा-२ गर्भीय मूळ पेशीपासून बनवलेली होती, त्यामुळे विशेषित पेशीच्या केंद्रकाबद्दलच्या पुराव्यात ती धरता येत नाही.