टप्प्याटप्प्याने भारजोडणी

टप्प्याटप्प्याने भारजोडणी : वीजपुरवठा खंडित होऊन परत आल्यावर एकाच ब्रेकरवरची उपकरणे एकदम चालू न करता ठरावीक क्रमाने, मध्ये अंतर सोडून जोडण्याची पद्धत. सर्व उपकरणांचे सुरुवातीचे वाढीव प्रवाह एकाच क्षणी एकत्र येऊन ब्रेकर पडू नये, हा तिचा उद्देश. बोलीत तिला स्वतंत्र नाव नाही. ‘लाईट आली की एकेक करून चालू करायचं’ एवढेच म्हटले जाते. त्या वाढीव प्रवाहासाठी पारिभाषिक कोशांत ‘प्रारंभ प्रवाह’ हा शब्द मिळतो, तंत्रज्ञ मात्र ‘इनरश’च म्हणतात.

ही पद्धत केव्हा रूढ झाली, याबद्दल दोन मते आढळतात. एक मत तिचा उगम वीजवितरणात शोधते. फीडर म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणारी वाहिनी. बराच वेळ बंद राहिलेला फीडर चालू केला की नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतो आणि संरक्षक रिले त्याला दोष समजून फीडर पुन्हा तोडतो. या घटनेची चर्चा अमेरिकी तांत्रिक लेखनात साधारण १९४० च्या दशकापासून दिसते. दुसरे मत तिला त्याआधीच्या कारखान्यांत नेते. जोपर्यंत एकच मोठी मोटर किंवा वाफेचे इंजिन लांब दांड्यावरच्या पट्ट्यांनी सगळी यंत्रे फिरवत होते, तोपर्यंत अनेक भार एकदम जोडण्याचा प्रश्नच नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत यंत्रागणिक वेगळी मोटर आली आणि तो उद्भवला. दुसरे मत अधिक पटणारे आहे. फीडरच्या बाबतीत भार जास्त येतो, तो मुख्यतः थांबलेली शीतयंत्रे व तापक सगळे मिळून एकाच वेळी चालू राहतात म्हणून, आणि ती अवस्था बराच काळ टिकते. ब्रेकर पाडणारा झटका मात्र काही मिलिसेकंदांचा किंवा काही सेकंदांचा असतो. दोन्ही घटनांवरचा उपाय एकच असल्यामुळे त्यांची गल्लत झालेली दिसते.

वाढीव प्रवाहाची दोन रूपे. ‘इनरश’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. मोटरच्या बाबतीत त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या वेगळ्या ठेवणेच योग्य. स्थिर मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळाले की ती पूर्णभार प्रवाहाच्या साधारण ६ ते ८ पट प्रवाह घेते आणि वेग पकडेपर्यंत घेत राहते. रिकामा पंखा असेल तर हा काळ सेकंदभराचा असतो, जड दगड फिरवायचा असेल तर काही सेकंदांचा. हा प्रारंभ प्रवाह. त्याच्याही आधी, पहिल्या अर्ध्या आवर्तनात म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १० मिलिसेकंदांत, प्रवाहाचे शिखर याहून उंच जाते. लाटेच्या कोणत्या क्षणी संपर्क जुळला यावर त्याची उंची ठरते, म्हणून तीच मोटर एकदा शांतपणे सुरू होते आणि दुसऱ्यांदा ब्रेकर पाडते. नेमका इनरश म्हणायचा तो हा.

हा भेद ब्रेकरमध्ये हाताला लागतो. घरगुती व छोट्या व्यवसायातल्या एमसीबीत, म्हणजे छोट्या ब्रेकरमध्ये, दोन यंत्रणा असतात. द्विधातू पट्टी तापून वाकते आणि सावकाश तोडते, तर चुंबकाचे वेटोळे क्षणात तोडते. आयएस/आयईसी ६०८९८-१ या मानकानुसार ‘सी’ प्रकारच्या एमसीबीचा चुंबक त्यावर लिहिलेल्या दर्शनी प्रवाहाच्या ५ ते १० पटींच्या दरम्यान कुठेतरी सुटतो, ‘बी’चा ३ ते ५ आणि ‘डी’चा १० ते २० पटींच्या दरम्यान. ‘कुठेतरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. ३२ अँपिअरचा सी एमसीबी १६० ला सुटला काय किंवा ३१० ला सुटला काय, दोन्ही मानकात बसतात. शेजारच्या दुकानात तेवढाच भार एकदम चालू होतो आणि आपल्याकडे होत नाही, या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

बटण दाबताक्षणी एमसीबी पडला तर काम चुंबकाचे, हे ओळखायला सोपे. मोटर तीन-चार सेकंद घुमत राहिली आणि मग खटका पडला तर काम पट्टीचे. अशा वेळी एमसीबीला हात लावला तर तो कोमट लागतो आणि लगेच वर केला तर पुन्हा लवकर पडतो, कारण पट्टी अजून निवलेली नसते.

एका गिरणीचे उदाहरण. गावातल्या पिठाच्या गिरणीत १० अश्वशक्तीची चक्की, ५ अश्वशक्तीचे मसाला कांडप आणि ३ अश्वशक्तीची चाळणी आहे असे धरू. तिन्ही तीन फेजच्या मोटरी आणि सर्वांवर मिळून ३२ अँपिअरचा सी प्रकारचा मुख्य एमसीबी. पूर्ण भारावर त्या अनुक्रमे साधारण १४, ७.५ आणि ५ अँपिअर घेतात. बेरीज २६.५, म्हणजे चालू गिरणीला हा एमसीबी पुरतो. तिन्ही मोटरी थेट जोडणीच्या असून एकदम सुरू झाल्या, तर सातपटीने धरून ९८, ५२.५ आणि ३५ मिळून सुमारे १८५ अँपिअर होतात. हे दर्शनी प्रवाहाच्या ५.८ पट. चुंबकाच्या अनिश्चित पट्ट्यात प्रवाह शिरला. वरून पहिल्या अर्ध्या आवर्तनाचे शिखर आले की एमसीबी टिकेल याचा भरवसा नाही.

आता क्रमाने पाहू. आधी चक्की लावली तर ९८ अँपिअर. ती वेगात आली की १४ वर येते. मग कांडप लावताना १४ आणि ५२.५ मिळून ६६.५, आणि शेवटी चाळणीच्या वेळी १४, ७.५ आणि ३५ मिळून ५६.५. सर्वांत मोठा आकडा ९८ च राहिला. उलट लहानापासून सुरुवात केली, तर चक्की लावण्याच्या वेळी आधीच्या दोघींचे १२.५ अंगावर असतात आणि शिखर ११०.५ वर जाते. म्हणून मोठी मोटर आधी, हा नियम. चालू मोटरीचा थोडा प्रवाह आधीपासून अंगावर असतोच, त्यात सर्वांत मोठ्या झटक्याची भर पडू द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

९८ अँपिअरही निरुपद्रवी नाही. मानकाप्रमाणे दर्शनी प्रवाहाच्या २.५५ पट, म्हणजे येथे सुमारे ८२ अँपिअर सतत वाहिले, तर एमसीबी १ ते ६० सेकंदांत पडलाच पाहिजे. चक्कीने चार सेकंदांत वेग पकडला तर ती बहुधा निभावते. पण वीज गेली तेव्हा चक्कीत धान्य होते, ते दोन दगडांमध्ये तसेच अडकलेले असते. अनुभवी गिरणीवाला वीज जाताच टोपल्याची फळी सरकवून धान्य अडवतो, चाक फिरवून दगड सैल करतो आणि मगच स्विच बंद करतो. वीज आल्यावर दगड मोकळा फिरू देतो, घुमण्याचा आवाज चढत जाऊन एकसारखा झाला की दगड हळूहळू जवळ आणतो आणि पुढची मोटर लावतो. हा एकसारखा आवाज म्हणजेच अँमीटरचा काटा खाली आल्याची खूण. त्यानंतरही १०-१५ सेकंद थांबणे बरे, कारण पट्टीला निवायला वेळ लागतो.

वीज येताक्षणी पहिली मोटर लावणेही टाळावे. त्या वेळी अख्ख्या फीडरवरचे भार एकदम ओढत असतात आणि व्होल्टेज खाली असते. मोटरचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. व्होल्टेज ८० टक्के असेल तर पीळ ६४ टक्केच उरतो. चक्की वेग पकडायला जास्त वेळ घेते आणि तेवढा वेळ पट्टी तापते. एक बल्ब चालू ठेवून तो स्थिर उजेड देऊ लागेपर्यंत दोन-तीन मिनिटे वाट पाहण्याची रीत म्हणूनच सार्थ आहे. तीन फेजचे तिन्ही दर्शक दिवे लागले आहेत ना, हेही त्याच वेळी पाहावे. एक फेज आली नसेल तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि जास्त प्रवाह घेत राहते. मग ब्रेकर पडला की दोष एकत्रित इनरशवर ढकलला जातो, पण क्रम कितीही बदलला तरी तो जात नाही.

आपोआप होणारी व बिघडवली जाणारी पद्धत. थेट जोडणीच्या साध्या डीओएल स्टार्टरमध्ये वीज जाताच कॉइलची पकड सुटते आणि हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर परत सुरू होत नाही. टप्प्यांची सोय अशी मुळातच दिलेली आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत चालवून सुरुवातीचा प्रवाह साधारण एक तृतीयांशावर आणतो, मात्र मोटर वेगात येण्याआधीच डेल्टात गेली तर झटका तिथे बसतो. मनुष्यबळ नसेल तेथे प्रत्येक कॉन्टॅक्टरच्या कॉइलला ऑन-डिले टायमर जोडून ५, २०, ३५ सेकंद असे वाढते अंतर देतात.

महाराष्ट्रातल्या शेतीपंपांवर ही सोय, वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच लावून, काढून टाकली जाते. कृषी फीडरला ठरावीक तासच, काही ठिकाणी रात्री, वीज मिळते. विहिरीवर अंधारात जाण्याचा त्रास आणि धोका ऑटोस्विचमुळे वाचतो, हे नाकारता येत नाही. पण १०० केव्हीएच्या डीपीची, म्हणजे वितरण रोहित्राची, क्षमता सुमारे १३३ ते १३९ अँपिअर असते. तिच्यावर ५ अश्वशक्तीचे १५ पंप असतील तर चालू स्थितीत ११२ अँपिअर लागतात आणि सगळे एकदम सुरू झाले तर ८०० च्या आसपास. फ्यूज उडतो, रोहित्र तापते आणि व्होल्टेज इतके खाली येते की एकही पंप नीट उचलत नाही. महावितरण ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन करते ते यासाठी. कपॅसिटरने चालू स्थितीतला प्रवाह कमी होतो, सुरुवातीचा झटका फारसा नाही. ऑटोस्विच ठेवायचाच असेल, तर विलंबाची सोय असलेला घेऊन डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापसांत वेगवेगळा विलंब ठरवणे हाच मार्ग. प्रत्येकाने एकच विलंब लावला तर झटका फक्त तेवढा उशिरा येतो.

घर व कार्यालय. येथे मोटरींपेक्षा एसएमपीएस, म्हणजे संगणकासारख्या उपकरणांतले वीजपुरवठा संच, व एलईडी ड्रायव्हर अधिक असतात. त्यांचे रिकामे कपॅसिटर भरताना प्रवाह क्षणिक पण उंच उसळतो, म्हणून एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील हे निर्माते माहितीपत्रकात देतात. संगणकाच्या पुरवठ्यात उसळी अडवणारा थर्मिस्टर थंड असतानाच काम करतो. वीज दोन सेकंद जाऊन आली तर तो गरमच असतो आणि झटका उलट मोठा बसतो. फ्रिजला ३ ते ५ मिनिटे थांबावे लागते. त्याचे कारण एमसीबी नाही. कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याआधी जोडला तर तो अडकून संरक्षक ‘टक’ असा वाजून सुटतो.

मर्यादा. एकटीच मोटर ब्रेकर पाडत असेल तर क्रम लावून काही साधत नाही. तेथे यांत्रिक अडथळा शोधावा, स्टार्टर बदलावा किंवा वायरची जाडी आणि दोषप्रवाह तपासून डी प्रकारचा एमसीबी घ्यावा. केवळ पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवला तर वायरचे संरक्षण जाते. आणि पडणारे साधन एमसीबी नसून गळतीचा प्रवाह ओळखून तोडणारा आरसीसीबी असेल, तर आधी गळती शोधावी.