मीटिंग रूमचे ऑटो-रिलीज

बुक केलेल्या मीटिंग रूममध्ये ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत कोणी चेक-इन केले नाही, तर सिस्टिमने ते बुकिंग स्वतःहून सोडून रूम पुन्हा मोकळी दाखवणे, याला ऑटो-रिलीज म्हणतात. मुंबईच्या ऑफिसांत बोलताना 'रूम रिलीज झाली' किंवा सरळ 'रूम उडाली' म्हणतात. १५ हा आकडा सिस्टिमच्या सेटिंगमध्ये बदलता येतो. बुक झालेली पण रिकामी राहणारी रूम, म्हणजे 'घोस्ट बुकिंग', मोडून काढणे हा या सोयीचा हेतू. ती कितपत साधते, हे चेक-इन कशाला म्हणायचे यावर ठरते.

रिलीज म्हणजे नेमके काय घडते

आउटलुकसारख्या कॅलेंडरमध्ये रूम ही मीटिंगला बोलावलेल्या आणखी एका माणसासारखीच असते. आउटलुकमागच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्ये तिचा स्वतःचा मेलबॉक्स असतो. बुकिंग करणारा तिला निमंत्रण पाठवतो आणि त्या वेळेत दुसरे बुकिंग नसेल, तर ती आपोआप 'अॅक्सेप्ट' करते. रिलीज होताना तिचा होकार मागे घेतला जातो. रूम त्या मीटिंगला 'डिक्लाइन' करते आणि बुकिंग करणाऱ्याला तसा मेल जातो.

मीटिंग मात्र रद्द होत नाही. ती सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये जशीच्या तशी राहते, फक्त तिच्या हातची जागा गेलेली असते. त्यातही निमंत्रणातल्या 'लोकेशन'च्या रकान्यात रूमचे नाव बहुतेक वेळा तसेच उरते. मेल एकट्या बुकिंग करणाऱ्याला जातो, बाकीचे जुने नाव वाचून त्याच दारापाशी येतात. दारातली बरीचशी भांडणे इथून सुरू होतात.

एक उदाहरण

समजा, बीकेसीतल्या एका ऑफिसात सहाव्या मजल्यावरची आठ खुर्च्यांची रूम मंगळवारी ११ ते १२ बुक आहे. चेक-इनची खिडकी दहा मिनिटे आधी, १०:५०ला उघडते. दाराशेजारच्या पॅनेलवर बुकिंग करणाऱ्याचे नाव दिसते. मीटिंगचा विषय दिसत नाही, कारण एक्स्चेंजची मूळ सेटिंग रूमच्या कॅलेंडरमधला विषय काढून तिथे नाव घालते. नावाखाली चेक-इनचे बटण असते. ११:००ला पॅनेलच्या कडेची पट्टी लाल होते, पण बटण कोणी दाबलेले नाही. ११:१०ला बुकिंग करणाऱ्याच्या फोनवर आठवण येते. तो तेव्हा कुर्ला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा आहे आणि फोन खिशात आहे. ११:१५ला रूम डिक्लाइन करते, पट्टी हिरवी होते. ११:१६ला जागेच्या शोधात पॅन्ट्रीजवळ उभे असलेले तिघे पॅनेलवरूनच १२ वाजेपर्यंतची ४४ मिनिटे घेतात. ११:१९ला मूळ मंडळी क्लायंटला घेऊन दारात येतात. त्यांच्या फोनवरच्या निमंत्रणात अजून त्याच रूमचे नाव आहे.

नियमाने रूम आता तिघांची. प्रत्यक्षात क्लायंट समोर असला की तिघेच उठतात. अशा वेळी नियम पाळायचा की क्लायंटला मान द्यायचा, हे कोणत्याही पॅनेलवर लिहिलेले नसते. म्हणून क्लायंटसाठी राखलेल्या रूम आणि बोर्डरूम ऑटो-रिलीजमधून वगळणे शहाणपणाचे. बहुतेक सिस्टिमांत ही सेटिंग प्रत्येक रूमसाठी वेगळी ठेवता येते.

या उदाहरणातली दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ज्याने सकाळी साडेदहाला ११ची रूम शोधली आणि 'एकही मोकळी नाही' हे उत्तर घेऊन परत गेला, त्याच्या पदरात ११:१५ला सुटलेल्या रूमने काही पडले नाही. सव्वाअकराची मीटिंग आधीपासून कोणी ठरवत नाही. सुटलेली रूम मिळते ती त्या क्षणी दाराजवळ असणाऱ्याला. ऑटो-रिलीजमुळे आयत्या वेळच्या गरजा भागतात, आगाऊ बुकिंगची टंचाई तशीच राहते.

पंधराच मिनिटे का

एक तासाच्या बुकिंगमध्ये १५ मिनिटे गेली तरी ४५ उरतात आणि त्यात कोणाचे तरी काम होते. अर्ध्या तासाच्या बुकिंगमध्ये उरतात जेमतेम १५. तोवर कोणी आत जाऊन लॅपटॉप स्क्रीनला जोडेपर्यंत पुढच्या बुकिंगवाले काचेतून डोकावू लागतात. दोन-चार जणांच्या छोट्या रूममध्ये बहुतेक बुकिंग अर्ध्या तासाचीच असतात, तेव्हा तिथे पाच-सात मिनिटांची मुदत बरी. मोठ्या रूमला १५ ठीक. मुंबईत त्याहून कमी करणे मला पटत नाही. उंच इमारतीत सकाळी लिफ्टची रांगच पाच-दहा मिनिटे खाते, आणि पावसाळ्यात लोकल रखडली की वेळेवर निघालेला माणूसही उशिरा पोचतो. मुसळधार पावसाच्या दिवशी मात्र हीच सोय खरी उपयोगी पडते. अर्धी टीम घरून मीटिंग करते, रूम सोडून देण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही आणि सिस्टिम ते काम करून टाकते.

चेक-इन कशाला म्हणायचे

सगळ्यात सोपा मार्ग पॅनेलवर बोट टेकवण्याचा. काही ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन करतात, काही ठिकाणी रूममधल्या व्हिडिओ सिस्टिमवरून कॉल जोडला की तेच चेक-इन धरले जाते. घोळ इथेच होतो. पाच जण रूममध्ये येतात, दार लावतात आणि प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवरून कॉलला बसतो. रूमच्या सिस्टिमला कोणी हात लावलेला नाही, पॅनेल तर दाराबाहेर आहे. सिस्टिमच्या लेखी रूम रिकामी. सोळाव्या मिनिटाला कोणीतरी दार ठोठावते आणि म्हणते, 'ही आम्हाला मिळालीय.' आतल्या मोठ्या स्क्रीनवरही शेवटच्या पाच मिनिटांत सूचना झळकली, तर अशा तक्रारी कमी होतात.

यावर उपाय म्हणून सेन्सर बसवतात, आणि सेन्सरच्या स्वतःच्या खोडी असतात. पीआयआर सेन्सर माणसाच्या शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. माणसे आत शिरताना तो लगेच जागा होतो, म्हणून पहिल्या १५ मिनिटांपुरता तो पुरेसा आहे. पण कपबश्या उचलायला अर्धा मिनिट आत आलेला मुलगाही त्याच्या दृष्टीने मीटिंगच, आणि तेवढ्यावर रिकाम्या रूमचे बुकिंग तासभर टिकते. रडार सेन्सर स्तब्ध बसलेल्या माणसाचा श्वासही ओळखू शकतो, पण त्याच्या लहरी काचेतून आणि जिप्समच्या भिंतीतून पार जातात. पीआयआरला साधी काच आडवी आली की पलीकडचे दिसत नाही. रडारची कक्षा नीट आखली नसेल, तर पॅसेजमधून जाणारा प्रत्येक जण रूममध्ये बसलेला ठरतो. ओळखण्याची खूण सोपी: एखादी काचेची रूम महिनाभरात एकदाही रिलीज झाली नसेल, तर तिथली माणसे शिस्तीची आहेत असे समजण्याआधी सेन्सरची कक्षा तपासावी.

आणि माणसांची युक्ती असतेच. 'साहेब येतायत, तू जरा टॅप करून ये,' असे ऑफिस बॉयला सांगितले की झाले. सिस्टिमला बोट कळते, ते कोणाचे हे कळत नाही. फोनवरच्या अॅपमधून कुठूनही चेक-इन करू दिले, तर ऑफिस बॉयचीही गरज उरत नाही, लोक ट्रेनमधूनच रूम अडवून ठेवतात. त्यामुळे चेक-इन रूमच्या दारापाशीच व्हावे, ही अट सोडू नये.

दर आठवड्याची बुकिंग आणि अमेरिकेचे घड्याळ

घोस्ट बुकिंगचा मोठा भाग दर आठवड्याला आपोआप येणाऱ्या मीटिंगांचा असतो. प्रकल्प संपतो, टीम बदलते, बुकिंग चालूच राहते. ऑटो-रिलीज यात फक्त त्या दिवसाचे बुकिंग सोडते, पुढच्या आठवड्याचे जागच्या जागी असते. म्हणून सलग काही वेळा कोणी आले नाही तर अख्खी मालिकाच काढून टाकण्याचा नियम सोबत लागतो. तो नसेल, तर रूम दर मंगळवारी सव्वाअकरालाच मोकळी होते, अकराला कधीच नाही.

मुंबईत याचा एक खास प्रकार दिसतो. न्यूयॉर्कमधल्या टीमने सकाळी ९चा साप्ताहिक कॉल लावला आहे. उन्हाळ्यात तो इथे संध्याकाळी ६:३०ला येतो. इथल्या कोणीतरी त्यासाठी भारतीय वेळेनुसार ६:३०ची रूम वेगळी बुक करून ठेवली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळे एक तास मागे जातात आणि कॉल ७:३०वर सरकतो. रूमचे बुकिंग भारतीय वेळेला बांधलेले, ते ६:३०लाच राहते. ६:४५ला रूम रिलीज होते आणि ७:३०ला लोक रूम शोधत फिरतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर कॉल पुन्हा ६:३०वर येतो, आणि ज्यांनी हिवाळ्यात बुकिंग ७:३०ला हलवले होते त्यांची रूम ७:४५ला उडते. रूम थेट न्यूयॉर्कच्या निमंत्रणातच जोडली, तर ती कॉलबरोबर सरकते.

पॅनेल बंद पडल्यावर

रिलीजचा निर्णय पॅनेल घेते की सर्व्हर, हे आधीच माहीत हवे. पॅनेल घेत असेल आणि ते बंद पडले, तर काहीच रिलीज होत नाही आणि नुकसानही फारसे नाही. सर्व्हर घेत असेल तर बंद पॅनेलवर चेक-इन करताच येत नाही, आणि माणसांनी भरलेल्या रूमही १५ मिनिटांनी सुटतात. पॅनेलांना वीज अनेकदा नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते, त्यामुळे एक नेटवर्क स्विच बसला की पूर्ण मजल्याची पॅनेल एकदम काळी होतात.

लॉगमध्ये हे चटकन ओळखू येते. लोक आले नाहीत म्हणून सुटलेल्या रूम दिवसभर वेगवेगळ्या वेळी आणि मजल्यांवर विखुरलेल्या असतात. लोकल रखडल्याच्या दिवशी त्या १०:१५ आणि १०:४५च्या आसपास, पण सगळ्या मजल्यांवर सारख्या दिसतात. एकाच मजल्यावरच्या सगळ्या बुक रूम एकाच मिनिटाला सुटल्या असतील आणि बाकीचे मजले शांत असतील, तर दोष पॅनेलचा किंवा स्विचचा. म्हणून पॅनेलने दर मिनिटाला सर्व्हरला आपण चालू असल्याचा संकेत पाठवावा, आणि चेक-इनच्या मुदतीत तो संकेत तुटला असेल तर सर्व्हरने ते बुकिंग सोडू नये, अशी अट घालतात.